शतमान स्तंभालेख: स्तंभ शंभर टक्के भरतो, पण आतले वाटे चुकतात

अनेक वर्षांमध्ये घटकांचे वाटे कसे बदलले हे दाखवायचं असलं की एक्सेलमध्ये `100% Stacked Column` निवडायचा, हे बहुतेकांना ठाऊक असतं. शाळेच्या गणितात शतमान स्तंभालेख म्हणून शिकवतात तोच हा. त्याची मोठी अडचण ही की चुकीच्या आकड्यांवरही तो नीटनेटका दिसतो. साध्या स्तंभालेखात एखादा आकडा गळाला तर स्तंभ बुटका होतो आणि लगेच डोळ्यात येतो. इथे आकडा गळाला तर उरलेले घटक पसरून त्याची जागा घेतात आणि स्तंभ पुन्हा शंभरावर जाऊन टेकतो. म्हणून हा आलेख उंचीवरून तपासता येत नाही. चूक पकडायची तर प्रत्येक स्तंभाचा छेद, म्हणजे एकूण बेरीज, समोर असावी लागते. खालची सगळी दुखणी या ना त्या वाटेने छेदाचीच आहेत.

उदाहरणासाठी राष्ट्रकुल क्रीडा स्पर्धांतली भारताची पदकं घेऊ: २०१० दिल्ली, २०१४ ग्लासगो, २०१८ गोल्ड कोस्ट, २०२२ बर्मिंगहॅम. एकूण पदकं अनुक्रमे १०१, ६४, ६६ आणि ६१. शीटमध्ये A1 ते D5 अशी मांडणी धरा:

```
वर्ष   सुवर्ण  रौप्य  कांस्य
2010   38     27    36
2014   15     30    19
2018   26     20    20
2022   22     16    23
```

एकाच रंगाने जवळजवळ सगळा स्तंभ व्यापला आहे

वरचा तक्ता जसाच्या तसा निवडून `Insert` मधून `100% Stacked Column` काढला की बहुतेक वेळा पहिला धक्का इथेच बसतो. तळापासून जवळजवळ वरपर्यंत एकच रंग, तिन्ही पदकं मिळून वरची बारीकशी पट्टी, आणि खाली वर्षांच्या जागी १, २, ३, ४.

कारण साधं आहे. आपण २०१० हे नाव समजतो, एक्सेलला ती संख्या दिसते. A1 मध्ये शीर्षक आहे आणि खाली आकडे आहेत म्हटल्यावर ‘वर्ष’ हाही एक घटकच, असं तो धरून चालतो. मग दिल्लीच्या स्तंभाचा छेद १०१ न राहता २०१० + १०१ = २१११ होतो आणि त्यात ‘वर्ष’ नावाच्या घटकाचा वाटा ९५.२ टक्के निघतो. बाकीच्या तीन स्तंभांत तो ९७ टक्क्यांच्या आसपास असतो. ९५ ते ९७ टक्क्यांची सपाट पट्टी दिसली की दुसरं काही शोधायला जाऊ नका, वर्षच आत शिरलेलं असतं.

झटपट उपाय म्हणजे A1 रिकामा करून आलेख नव्याने काढणं. कोपऱ्यातला सेल रिकामा असला की पहिला रकाना नावांचा आहे हे एक्सेल ओळखतो. आलेख आधीच सजवून झाला असेल तर त्यावर उजवी क्लिक करून `Select Data` उघडा. डावीकडच्या यादीतून ‘वर्ष’ निवडून `Remove` करा, उजवीकडे `Horizontal (Category) Axis Labels` खालच्या `Edit` मध्ये `A2:A5` द्या. फक्त `Remove` करून थांबलात तर पट्टी जाईल, पण अक्षावर १, २, ३, ४ तसेच राहतील. याहून टिकाऊ उपाय पुढे येतो आहे.

याचंच भावंड म्हणजे ‘एकूण’चा रकाना. शेवटी बेरजेचा रकाना असेल आणि निवडताना तोही आत आला, तर प्रत्येक स्तंभात एक रंग बरोब्बर ५० टक्के व्यापतो, कारण बेरीज ही स्वतःच बाकी तिघांइतकी असते. दिल्लीचं सुवर्ण ३७.६ ऐवजी १८.८ टक्के दिसतं. वर्षांगणिक इंचभरही न हलणारी अर्धी पट्टी ही याची खूण. बेरीज शीटमध्ये जरूर ठेवा, आलेखाच्या निवडीत मात्र घेऊ नका.

वर्षं खाली येण्याऐवजी रंगांत गेली आहेत

आडव्या अक्षावर सुवर्ण, रौप्य, कांस्य असे तीनच स्तंभ आणि रंगसूचीत वर्षं, असं झालं तर ओळी आणि रकान्यांची अदलाबदल झाली आहे. एक्सेलचा ढोबळ नियम असा की ओळी आणि रकाने यांपैकी ज्यांची संख्या जास्त, ते आडव्या अक्षावर जातात. आपल्या तक्त्यात चार वर्षं आणि तीन पदकं आहेत, म्हणून ते आपोआप जमतं. पदकांऐवजी आठ खेळ घेतले की वर्षं चार, घटक आठ, आणि गणित उलटतं. तक्ता दरवर्षी वाढत असेल तर गेल्या वेळी नीट आलेला आलेख या वेळी नव्याने काढताना उलटा का आला, याचं कोडं इथे सुटतं.

आलेख निवडून `Chart Design` मधलं `Switch Row/Column` एकदा दाबलं की काम होतं. पण उलटा आलेखही तितकाच भरलेला दिसतो, त्यामुळे तो सुलटा आहे ना, हे एखादा वाटा हाताने काढून पाहावं. तो कोणता निवडायचा याला महत्त्व आहे. या तक्त्यात एक विलक्षण योगायोग आहे: चार स्पर्धांतली सुवर्णपदकं मिळवली तर ३८ + १५ + २६ + २२ = १०१ होतात, आणि २०१० ची तिन्ही पदकं मिळूनही १०१च. म्हणजे २०१० च्या सुवर्णाचा वाटा आलेख सुलटा असो की उलटा, ३७.६ टक्केच येतो. तोच एक आकडा पडताळून पाहणारा खुशाल उलटा आलेख पुढे पाठवेल. २०१४ चं सुवर्ण घ्या. सुलट्या आलेखात ते १५ भागिले ६४, म्हणजे २३.४ टक्के; उलट्यात १५ भागिले १०१, म्हणजे १४.९ टक्के. पडताळणीला निदान दोन वेगळ्या वर्षांतले दोन वेगळे घटक तरी घ्यावेत.

स्तंभ पूर्ण आहे, पण एक रंग गायब आहे

सगळ्यांत घातक दुखणं हेच आहे. आकडे वेबपानावरून किंवा पीडीएफमधून चिकटवले की काही सेल संख्या न होता मजकूर म्हणून बसतात. आकड्यामागे चिकटून आलेली न तुटणारी मोकळी जागा हे त्याचं नेहमीचं कारण. देवनागरी अंक चिकटवल्यावर ते सेलच्या डाव्या कडेला जाऊन बसले, तर तेही मजकूरच आहेत असं समजा. मजकुराची किंमत आलेखात शून्य धरली जाते.

समजा ग्लासगोचा रौप्याचा ३० हा आकडा, म्हणजे C3, मजकूर झाला. मग २०१४ चा छेद ६४ ऐवजी ३४ होतो. सुवर्ण २३.४ वरून ४४.१ टक्क्यांवर उडी मारतं, कांस्य २९.७ वरून ५५.९ वर जातं, आणि स्तंभ शंभरावर. ज्याला मूळ आकडे ठाऊक नाहीत तो ‘ग्लासगोत रौप्य मिळालंच नाही’ असं वाचेल. प्रत्यक्षात त्या वर्षी सर्वाधिक पदकं रौप्याचीच होती.

`SUM` वर भिस्त ठेवू नका. `SUM(B3:D3)` मजकुराचा सेल निमूट वगळतो आणि ३४ हेच उत्तर देतो, म्हणजे आलेख आणि बेरीज दोघांत एकच चूक असते आणि ती एकमेकांशी जुळते. कोणत्याही रिकाम्या सेलमध्ये हे टाका:

```
=COUNT(B2:D5)
```

चार वर्षं आणि तीन पदकं म्हणजे उत्तर १२ आलं पाहिजे. ११ आलं तर एक सेल संख्या नाही. नेमका कोणता, ते `=ISNUMBER(C3)` एकेका सेलवर चालवून कळतं. दुरुस्तीसाठी बाजूच्या सेलमध्ये खालचं सूत्र द्या आणि आलेली संख्या `Paste Special` मधल्या `Values` ने मूळ जागी बसवा:

```
=VALUE(SUBSTITUTE(C3,UNICHAR(160),""))
```

देवनागरी अंकांवर या सूत्राने `#VALUE!` आलं तर वेळ घालवू नका, तेवढे सेल हाताने पुन्हा टाइप करा. यानंतरची पडताळणी मात्र बाहेरूनच करायला हवी: तुमची बेरीज मूळ पदकतालिकेत छापलेल्या एकूण आकड्याशी जुळते का ते बघा. ६४ च्या जागी ३४ दिसले की चूक तिथल्या तिथे सापडते.

लेबलवर टक्के येत नाहीत

उभ्या अक्षावर टक्के आहेत, मग `Add Data Labels` केल्यावर पट्ट्यांत ३८, २७, ३६ का येतात, हा प्रश्न पुन्हा पुन्हा विचारला जातो. वर्तुळालेखात एक्सेल टक्केवारीचं लेबल देतो, शतमान स्तंभालेखात तशी सोयच नाही. स्तंभ रंगवताना तो वाटा काढतो, लेबलला मात्र मूळ संख्याच देतो. लेबलचा फॉरमॅट टक्केवारीचा केला तर ३८ चे ३८०० टक्के होतात. लिबरऑफिस कॅल्कमध्ये लेबलच्या पर्यायांत `Show value as percentage` आहे आणि ते नीट चालतं. एक्सेलमध्ये जोडतक्ता करावा लागतो. त्याने वर्ष आत शिरण्याचं दुखणंही कायमचं जातं.

F1 रिकामा ठेवा. G1, H1, I1 मध्ये पदकांची नावं लिहा. मग F2 आणि G2 मध्ये अनुक्रमे ही दोन सूत्रं:

```
=A2&CHAR(10)&"एकूण "&SUM(B2:D2)
=IF(SUM($B2:$D2)=0,0,B2/SUM($B2:$D2))
```

G2 चं सूत्र I2 पर्यंत उजवीकडे ओढा आणि मग F2 ते I2 पाचव्या ओळीपर्यंत खाली. डॉलरची खूण फक्त रकान्याच्या अक्षरापुढे हवी. ती आकड्यापुढेही पडली, म्हणजे `$B$2:$D$2` झालं, तर खालच्या तिन्ही वर्षांना दिल्लीच्या १०१ नेच भाग जाईल. G ते I ला `0.0%;;;` हा फॉरमॅट द्या. त्यातल्या अर्धविरामांमुळे शून्याचं लेबल रिकामं राहतं. रिओ ऑलिंपिकसारख्या तक्त्यात हे लागतं: २०१६ मध्ये भारताला एक रौप्य आणि एक कांस्य मिळालं, सुवर्ण नाही, आणि फॉरमॅट न बदलता तळाशी ‘0.0%’ लोंबकळत राहतं.

आता `F1:I5` निवडून आलेख काढा. अक्षावर ‘2010’ आणि त्याखाली ‘एकूण 101’ असं दोन ओळींत येईल. F मधली किंमत मजकूर असल्याने एक्सेल तिला घटक समजू शकत नाही. आणि छेद प्रत्येक स्तंभाच्या पायाशी छापलेला राहतो, ही याहून मोलाची गोष्ट. लेबल लावली की थेट ३७.६ टक्के वगैरे दिसतं.

जोडतक्त्यावर साधा `Stacked Column` काढला तरी चालतो, पण मग अक्ष कधी कधी १२० टक्क्यांपर्यंत जातो. `Format Axis` मध्ये `Maximum` ला `1` आणि `Minimum` ला `0` टाका. एका बाबतीत मात्र हाच साधा प्रकार वापरावा असा आमचा आग्रह आहे: एखाद्या अहवालातून तयार टक्केवारी घेतली असेल तेव्हा. अशा तक्त्यात ‘इतर’ची ओळ पुष्कळदा सुटलेली असते आणि बेरीज ९२ वगैरे भरते. शतमान प्रकार ते ९२ ताणून शंभर करतो आणि प्रत्येक घटक फुगवतो. साध्या प्रकारात स्तंभ ९२ वर थांबतो आणि काहीतरी राहिलंय हे दिसतं.

टक्क्यांची बेरीज १०१ किंवा ९९ भरते

पूर्णांकी टक्के ठेवले तर दिल्लीच्या स्तंभात ३८, २७ आणि ३६ येतात, बेरीज १०१. गोल्ड कोस्टला ३९, ३० आणि ३०, बेरीज ९९. आलेख चुकलेला नाही, प्रत्येक वाटा स्वतंत्रपणे जवळच्या पूर्णांकाकडे गेला आहे. एक दशांश स्थळ दिलं तर गोल्ड कोस्ट १००.० वर येतं, दिल्ली तरीही ९९.९ वरच राहते. हाताने एखादा आकडा वाढवून बेरीज जुळवू नका, कारण मूळ पदकांवरून कुणी वाटा काढला तर तो तुमच्याशी जुळणार नाही. ‘पूर्णांकनामुळे बेरीज १०० होईलच असं नाही’ एवढी ओळ आलेखाखाली पुरते.

आपल्या उदाहरणात छेद इतके लहान आहेत की टक्क्यांपेक्षा पदकांची संख्याच लेबलवर ठेवावी, वाटा पट्टीच्या उंचीवरून कळतोच. जोडतक्त्यावरच्या आलेखात ते करायला लेबल निवडून `Format Data Labels` मध्ये `Value From Cells` ला सुवर्णासाठी `B2:B5` द्या आणि `Value` ची खूण काढा. रौप्य आणि कांस्यासाठी हेच पुन्हा, C आणि D रकान्यांनी. ही सोय एक्सेल २०१३ पासून आहे.

आलेख बरोबर आहे, पण वाचणारा चुकीचं वाचतो

सुवर्णाची पट्टी पाहा. २०१० मध्ये ती ३७.६ टक्के आहे आणि २०१८ मध्ये ३९.४, म्हणजे थोडी उंच. बघणारा म्हणतो, सुवर्णपदकं वाढली. प्रत्यक्षात ३८ ची २६ झाली. वाढला तो वाटा, कारण एकूण पदकं १०१ वरून ६६ वर आली. पायाशी ‘एकूण’ लिहायचं ते याच्यासाठी.

ही वाटावाढही फार गंभीरपणे घेऊ नये. २०१८ मध्ये एक पदक म्हणजे दीड टक्का. एक सुवर्ण रौप्य झालं असतं तर वाटा २५ भागिले ६६, म्हणजे ३७.९ टक्क्यांवर आला असता आणि दिल्लीशी असलेला फरक जवळजवळ संपला असता. ग्लासगोची घसरण मात्र १४ टक्क्यांची आहे, ती एका पदकाच्या फरकाने पुसली जात नाही. छेद शंभराच्या आत असेल तर ‘एका नगाचे किती टक्के’ हा हिशेब आधी करा, म्हणजे कोणत्या फरकावर बोलायचं आणि कोणत्यावर नाही ते ठरतं.

मधल्या पट्टीचं दुखणं वेगळं आहे. सगळ्यांत खालची पट्टी प्रत्येक स्तंभात शून्यापासून सुरू होते आणि सगळ्यांत वरची शंभरावर संपते, म्हणून त्या डोळ्याने ताडता येतात. मधलं रौप्य दर वर्षी वेगळ्या उंचीवरून सुरू होतं. दिल्लीचं २६.७ आणि बर्मिंगहॅमचं २६.२ हे जवळजवळ सारखे आहेत, हे लेबल नसताना सांगणं कठीण. ज्या घटकाबद्दल तुम्हाला बोलायचं आहे तो तळाशी आणा. `Select Data` मधल्या यादीत जो पहिला असतो तो तळाशी जातो, बाणाने क्रम बदलता येतो. `Add Chart Element` मधल्या `Lines` खाली `Series Lines` आहे. त्या रेषा शेजारच्या स्तंभांतल्या पट्ट्या जोडतात, त्यामुळे चढउतार वाचणं सोपं होतं. पाच-सहाहून जास्त घटक असतील तर मधल्या पट्ट्या वाचणं सोडूनच द्यावं लागतं. तेव्हा लहान घटक ‘इतर’मध्ये एकत्र करा, आणि ते प्रत्येक वर्षी तेच असतील याची खात्री करा.

सुटलेलं वर्ष आणि बदललेली यादी

तक्ता मागे नेला तर १९८६ वर अडखळायला होतं. एडिनबरोच्या त्या स्पर्धांवर भारताने बहिष्कार टाकला होता, म्हणून बेरीज शून्य. वरच्या सूत्रातला `IF` नसता तर तिथे `#DIV/0!` आला असता. ओळ तक्त्यातून काढून टाकू नका. काढली तर १९८२ आणि १९९० चे स्तंभ शेजारी येतात आणि मधली आठ वर्षं चारांसारखी दिसतात, कारण या आलेखाचा आडवा अक्ष वर्षांमधलं अंतर मोजत नाही, नावं फक्त ओळीने मांडतो. जागा रिकामी ठेवा आणि त्या वर्षाच्या F सेलमध्ये सूत्राऐवजी ‘1986 सहभाग नाही’ असं लिहा.

२०२२ चा स्तंभ २०१८ शेजारी ठेवताना आणखी एक पाहावं लागतं. बर्मिंगहॅममध्ये नेमबाजी नव्हती. गोल्ड कोस्टच्या ६६ पैकी १६ पदकं नेमबाजीतली होती: सात सुवर्ण, चार रौप्य, पाच कांस्य. ती वजा केली तर २०१८ मध्ये १९, १६ आणि १५ अशी ५० पदकं उरतात आणि सुवर्णाचा वाटा ३८ टक्के होतो. म्हणजे ३९.४ वरून ३६.१ अशी दिसणारी घसरण नेमबाजी वगळून मोजली तर ३८.० वरून ३६.१ एवढीच आहे. दोन्ही स्तंभ ठेवायचे असतील तर २०१८ दोनदा दाखवा, एकदा पूर्ण आणि एकदा नेमबाजी वगळून, आणि अक्षावर ‘एकूण 66’ व ‘नेमबाजीविना 50’ असं स्पष्ट लिहा.